तपासले, सही टेंबे

श्यामकांत टेंबे यांनी आयुष्यात एकच शोध लावला होता, आणि तोही डाव्या हाताच्या तर्जनीचा. इंग्रजी वाक्यात कर्त्याच्या मागे 'अलाँग विथ' किंवा 'ॲज वेल ॲज' अशी शेपटी लागली, की ती पहिल्या स्वल्पविरामापासून दुसऱ्या स्वल्पविरामापर्यंत बोटाखाली झाकायची. मग उरलेलं वाचायचं आणि जो कर्ता बोटाबाहेर उरला असेल, त्याच्याशी क्रियापद जुळवायचं. बोटाखालच्यांना मोजायचं नाही. ते आलेत खरे, पण सोबत आलेत. आमंत्रण एकट्याला होतं.

अंधेरी पूर्वेच्या त्या मराठी शाळेत दहावी 'ब'ला हे बोट तोंडपाठ होतं. तोंडपाठ असणं आणि कळणं यांचा संबंध आपल्याकडे पूर्वीपासूनच दूरचा आहे, तेव्हा ऑगस्टच्या चाचणीत एक्कावन्नपैकी त्रेचाळीस मुलांनी लिहिलं, 'सगुणा, अलाँग विथ हर बास्केट्स, गो टू द मार्केट.' क्रियापदाच्या खांद्याला खांदा लावून टोपल्या उभ्या होत्या ना, मग पोरांनी क्रियापद टोपल्यांना देऊन टाकलं आणि सगुणा राहिली मागे. टेंबे सरांनी त्रेचाळीस ठिकाणी लाल शाईने 'गोज' लिहिलं आणि त्रेचाळीस गुण कापले. कापताना प्रत्येक वेळी त्यांना वाटलं, आपलंच चुकत नसेल ना? म्हणून त्यांनी घरची तीन व्याकरणं पुन्हा उघडून पाहिली. तिन्ही त्यांच्या बाजूने होती. तरी झोप लागली नाही.

सरांना स्वतःविषयी शंका येत असे, त्याला सबळ कारण होतं. वय एकोणचाळीस आणि अजून कुठेच कायम नव्हते. कुर्ला, घाटकोपर, मुलुंड आणि मुलुंडलाच दुसरी, अशा चार शाळांनी त्यांना दोन वर्षं भरायच्या आत प्रेमाने निरोप दिला होता. दोन वर्षं भरली की शिक्षकाला कायम करावं लागतं, आणि कायम झालेला शिक्षक मान वर करतो, अशी संस्थाचालकांची श्रद्धा. टेंबे सरांची मान कशानेही वर झाली नसती. पण ते कुणी तपासून पाहिलं नाही. ही पाचवी शाळा. एकोणीसशे अडुसष्टच्या सप्टेंबरअखेर इथली दोन वर्षं भरत होती.

"या खेपेला तोंड बंद ठेवा," जोगेश्वरीच्या खोलीत पोळ्या लाटताना बायको, कुमुद, म्हणाली होती. "मुलुंडला काय झालं आठवतंय ना? हेडमास्तरांच्या भाषणातल्या चुका त्यांनाच लिहून दिल्यात."

"त्यांनीच मागितल्या होत्या."

"मागतात हो माणसं. द्यायच्या नसतात."

या शाळेत मात्र चुका देणं हीच त्यांची नोकरी होती. कारण जुनं होतं. पूर्वी कधीतरी स्नेहसंमेलनाच्या इंग्रजी आमंत्रणपत्रिकेत कुणीतरी लिहिलं होतं की प्रमुख पाहुणे जरा उशिरा येतील, आणि ते अशा इंग्रजीत लिहिलं होतं की प्रमुख पाहुणे कैलासवासी झाले. पाहुणे आले तेव्हा लोक त्यांच्याकडे आदराने आणि थोड्या भीतीने पाहत होते. तेव्हापासून संस्थेने नियम केला: शाळेतून बाहेर पडणारा इंग्रजीचा कागद, मग तो चार ओळींचा का असेना, आधी इंग्रजीच्या शिक्षकाकडे जाणार, त्यावर 'तपासले' असा रबरी शिक्का बसणार आणि शिक्षक खाली सही करणार. शिक्क्याशिवाय टायपिस्ट कागद घेत नसे आणि शिपाई धाकू तो फाटकाबाहेर नेत नसे. शाळेतला हा एकच नियम सगळे पाळत, कारण तो पाळायला इंग्रजी यावं लागत नव्हतं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मुख्याध्यापिका सुलक्षणाबाईंनी सरांना बोलावलं. टेबलावर एक कागद होता आणि बाईंच्या चेहऱ्यावर तो कागद कुणाचा आहे हे लिहिलेलं होतं.

"नव्या प्रयोगशाळेच्या दारावर संगमरवरी पाटी बसवायचीय. उद्घाटनाला शिक्षण निरीक्षक येणार, म्हणून इंग्रजीत," बाई म्हणाल्या. "मजकूर भाऊरावांनी स्वतः केलाय. तुम्ही नुसती नजर टाका आणि शिक्का मारा."

भाऊराव म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. सहार रस्त्याला त्यांची लाकडाची वखार होती. शिक्षणाशी त्यांचा संबंध बाकांपासून सुरू झाला. बाकं त्यांच्याच वखारीतून आली होती. कागदावर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: 'द प्रेसिडेंट, अलाँग विथ द ट्रस्टीज ऑफ धिस सोसायटी, हॅव ग्रेट प्लेझर इन डेडिकेटिंग धिस लॅबोरेटरी टू द स्टुडंट्स.'

सरांची तर्जनी त्यांना न विचारता कागदावर गेली. ट्रस्टी झाकले गेले. उरलं, 'द प्रेसिडेंट हॅव.'

"बाई," सर हळूच म्हणाले, "इथे 'हॅज' हवं."

"काय हवं?"

"अध्यक्ष एकच आहेत ना. विश्वस्त 'अलाँग विथ'ने जोडलेत. ते सोबतचे. क्रियापद एकट्या अध्यक्षांचं." त्यांनी पेन्सिलीने 'हॅव'च्या डोक्यावर इतकं फिकट 'हॅज' लिहिलं की ते लिहिलंय की कागदालाच सुरकुती आहे हे कळू नये.

सुलक्षणाबाईंनी चष्मा काढला. "टेंबे, तुमची ऑर्डर याच महिन्यात समितीपुढे आहे ना?"

"हो."

"आणि हे तुम्ही मला सांगताय. भाऊरावांना कोण सांगणार?"

सर गप्प राहिले. गप्प राहणं ही त्यांच्याकडची दुसरी कला होती. पण हिचा शोध त्यांनी लावलेला नव्हता, ती घराण्यात होती.

समितीची बैठक शनिवारी दुपारी शाळेच्या ग्रंथालयात भरली, कारण तिथे कुणी येत नसे. भाऊराव मध्यभागी आणि पाच विश्वस्त दोन्ही बाजूंना. विश्वस्तांतले वजनदार म्हणजे लहूशेठ. वेसाव्याचे, तीन बोटींचे मालक, आणि शाळेची जमीन मूळची त्यांच्या चुलत्याची. लहूशेठ बोलत कमी आणि ऐकत त्याहून कमी.

भाऊरावांनी कागद उजेडात धरला. "हे पेन्सिलीनं काय केलंय?"

"हॅज, साहेब," सर म्हणाले.

"हॅज म्हणजे एकवचन ना?"

"हो."

"म्हणजे एकेरी." भाऊरावांनी कागद खाली ठेवला. "मास्तर, मी वखारीत हमालांशीसुद्धा एकेरीत बोलत नाही. आणि तुम्ही मला दारावर कोरून एकेरी करताय? 'अध्यक्ष आला आहे' म्हणता का तुम्ही? 'आले आहेत' म्हणता."

 सरांना इतकी वर्षं न उलगडलेली गोष्ट उलगडली. दरवर्षी वर्गातली पोरं 'माय फादर हॅव', 'अवर हेडमास्तर आर' का लिहितात, हे तीन व्याकरणांत कुठे नव्हतं. ते वखारीत होतं. बाप मराठीत 'आले', तर इंग्रजीत तरी त्याला एकटा का ठेवायचा?

"इंग्रजीत क्रियापदाला मान नसतो, साहेब," ते म्हणाले. "म्हणजे, मान देणं त्याचं काम नाही. राणीलाही 'हॅज'च म्हणतात."

"म्हणूनच गेलं त्यांचं राज्य," भाऊराव म्हणाले, आणि चार विश्वस्त हसले. पाचवे लहूशेठ हसले नाहीत.

"पण ट्रस्टी आहेत ना वाक्यात," लहूशेठ म्हणाले. "आमी पाच जण. एकाचा हॅज, तर पाचांचा हॅव नको?"

आता इथे सरांनी हो म्हणायचं होतं. घरून निघताना कुमुदने तेवढंच सांगितलं होतं. पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देण्याची खोड काही माणसांना दारूसारखी लागलेली असते.

"'अँड' असतं तर पाच मोजले असते," सर म्हणाले. "'अलाँग विथ'ने जोडलेले मोजत नाहीत. मराठीतही तसंच आहे. सगुणा टोपल्यांसह बाजारात गेली. आपण 'गेल्या' नाही म्हणत. टोपल्या दहा असोत, गेली ती सगुणा."

लहूशेठनी मान डोलावली. बंदरावर वाढलेला माणूस. टोपल्यांचं उदाहरण त्यांना ताबडतोब पटलं, आणि तिथेच घात झाला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "गेली ती सगुणाच." मग शांतपणे, "म्हणजे भाऊराव सगुणा, नि आमी टोपल्या."

 सुलक्षणाबाई पुस्तकांच्या कपाटाकडे पाहू लागल्या. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

"मला तसं म्हणायचं नव्हतं," सर म्हणाले. "पाहिजे तर 'अलाँग विथ'च्या जागी 'अँड' लिहू. द प्रेसिडेंट अँड द ट्रस्टीज. मग 'हॅव' बरोबर होतं. सगळेच कर्ते."

हे ऐकून विश्वस्तांचे चेहरे फुलले आणि अध्यक्षांचा मिटला.

"अँड नको," भाऊराव म्हणाले. "अँड म्हणजे सगळे एका रांगेत. प्रयोगशाळेचं लाकूड कुणाचं? मी पुढे, बाकीचे सोबत. म्हणूनच मी शब्दकोश पाहून अलाँग विथ घातलं."

"आणि हॅव पाहिजे," लहूशेठ म्हणाले.

"हॅव तर पाहिजेच," भाऊराव म्हणाले.

अशा रीतीने संस्थेच्या इतिहासात पहिल्यांदा अध्यक्ष आणि विश्वस्त यांचं एकमत झालं. एकाला हॅव हवं होतं कारण तो मोठा होता. पाचांना हवं होतं कारण तेही होते. रीतसर मतदान झालं. हॅवच्या बाजूने सहा, विरुद्ध कुणी नाही. टेंबे सरांना मत नव्हतं, नुसतं ज्ञान होतं. ठराववहीत नोंद झाली: 'पाटीवरील क्रियापद अनेकवचनी ठेवावे असे सर्वानुमते ठरले.' त्याच पानावर खाली दुसरी ओळ होती: 'श्री. टेंबे यांना कायम करण्याचा विषय उद्घाटनानंतर घ्यावा.'

"उद्घाटनानंतर," भाऊरावांनी वही मिटताना पुन्हा सांगितलं, आणि कागद सरांपुढे सरकवला. धाकूने शिक्का आणि शाईची गादी आणून ठेवली. सरांनी खोडरबराने आपलं फिकट 'हॅज' पुसलं. शिक्का मारला. तपासले. सही केली, टेंबे. सही नेहमीपेक्षा सुंदर आली, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

पाटीचं काम चकाल्याच्या अर्बनकडे दिलेलं होतं. अर्बन चर्चच्या मागच्या आळीत राहायचा आणि बापापासून कबरींवरची अक्षरं कोरायचा. कागद त्याला नेऊन देण्याचं काम धाकूचं. पण रविवारी सकाळी सर स्वतः निघाले. का निघाले ते त्यांना सांगता आलं नसतं. कुमुदला त्यांनी भाजी आणायला जातो म्हणून सांगितलं, आणि पिशवीही घेतली.

अर्बन पडवीत पाट टाकून बसला होता. पुढ्यात तिरका ठेवलेला संगमरवर, हातात बारीक छिन्नी. ज्या दगडावर तो काम करत होता त्यावर एका मृत माणसाचं अर्धं नाव आलं होतं. उरलेलं दुपारपर्यंत येणार होतं. त्याने कागद घेतला, शिक्का पाहिला, सही पाहिली. मग त्याने अंगठा कागदावर आडवा ठेवला. बरोबर पहिल्या स्वल्पविरामापासून दुसऱ्यापर्यंत.

सर पाहत राहिले. हा शोध आपला एकट्याचा नव्हता तर.

"मास्तर, हे तुमी तपासलं?" अर्बनने विचारलं.

"सही माझीच आहे."

"सही दिसते. तपासलं काय, असं विचारतोय. हॅव बसत नाय इथं."

"तुम्हाला कुणी शिकवलं हे?"

"मेलेल्यांनी," अर्बन म्हणाला. "पंचवीस वर्षं झाली त्यांचं इंग्रजी कोरतोय. कबरीवर सगळी भानगड हीच असते. अमका, ॲज वेल ॲज त्याची बायको. तमका, अलाँग विथ दोन पोरं. आता अमका झोपलाय की अमके झोपलेत, ते मला ठरवायला लागतं. फादरनी एकदा दाखवलं, अंगठा ठेव नि वाच. तेव्हापासून अंगठा."

"मग तुम्ही दुरुस्त करता?"

अर्बन हसला आणि आत पाहून ओरडला, "सेराफिना, मास्तरला चा कर गं. यांना रोझारिओची गोष्ट सांगायची हाय." मग छिन्नी खाली ठेवली. "एकदाच केलं. रोझारिओ वारला. पाठोपाठ त्याची बायको, पेट्रिशिया. पोरांनी लिहून आणलं, 'रोझारिओ, ॲज वेल ॲज हिज वाइफ पेट्रिशिया, स्लीप हिअर.' मी शहाणा. अंगठा ठेवला, बघितलं, एस नाय. मी एस कोरला, स्लीप्स. दगड बसला. दुसऱ्या दिवशी तिघं पोरगे दारात. म्हणे, बाबाच झोपला काय? आई काय जागीच राहिली?"

सरांना हसू आलं आणि लगेच थांबलं.

"मी सांगितलं, बाबा, इंग्रजीत असंच हाय. तर थोरला म्हणतो, आईनं आयुष्यभर बाबाच्या मागंमागं केलं, आता मेल्यावर तरी तिला मोज. काय बोलणार? एस बुजवला. संगमरवराची भुकटी नि लाखेचा गोळा. पंधरा वर्षं झाली. दर रविवारी चर्चला मासला जाताना दिसतं. मास्तर, दगडावरची चूक खोडता येत नाय, नुसती बुजवता येते. नि बुजवलेली जास्त दिसते." त्याने कागद सरांपुढे धरला. "त्या दिवसापासून एकच कायदा. सही असेल तेच कोरायचं. हॅववर तुमची सही हाय, हॅव कोरीन. शाळेच्या दारावर दिसेल. माझं नाव खाली नसतं. तुमचं पण नाय. पण तुमाला ठाऊक असेल नि मला."

सेराफिनाने चहा आणला. सरांनी कप हातात घेतला आणि त्यांच्या डोळ्यांपुढे दहावी 'ब' आली. त्रेचाळीस पोरं रोज त्या दारातून प्रयोगशाळेत जाणार. त्रेचाळीसपैकी एकतरी थांबणार, बोट ठेवणार, कारण सरांनीच शिकवलंय. आणि मग चाचणीचा कागद घेऊन येणार: सर, दारावर चालतं, तर माझा गुण द्या. सर काय देणार? गुण दिला तर व्याकरण गेलं, नाही दिला तर तोंड.

आणि 'हॅज' कोरलं, तर नोकरी जाणार. हेही तितकंच स्वच्छ दिसत होतं. सहावी शाळा. कदाचित बोरीवली, तिकडच्या शाळांनी अजून त्यांना काढलेलं नव्हतं.

"पेन आहे का तुमच्याकडे?" सरांनी विचारलं.

"लाल नाय."

"निळं चालेल."

त्यांनी 'हॅव'वर आडवी रेघ मारली आणि शेजारी 'हॅज' लिहिलं. या वेळी फिकट नाही. खाली पुन्हा सही केली. ही सही अगदी वाकडी आली. अर्बनने ती नीट पाहिली आणि कागद छपराच्या वाशात खोचला.

"भाजी घ्यायला निघाला होता काय, मास्तर?" रिकाम्या पिशवीकडे पाहून सेराफिनाने विचारलं. "परसातला मुळा न्या थोडा."

उद्घाटन सव्वीस सप्टेंबरला झालं. पाटीवर हिरवा पडदा होता. शिक्षण निरीक्षक आले. वेळेवर आणि हयात. भाऊरावांनी दोरी ओढली, टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी 'प्रेसिडेंट' हा शब्द वाचला आणि ते समाधानाने थांबले. विश्वस्तांनी 'ट्रस्टीज' वाचला आणि तेही थांबले. क्रियापद कुणी वाचलंच नाही. ज्याच्यासाठी सर्वानुमते ठराव झाला होता, ते तीन अक्षरांचं क्रियापद संगमरवरावर एकटंच उभं होतं. सरांना वाटलं, निभावलं.

निरीक्षक मात्र वाचणारे निघाले. वयस्क गृहस्थ, काखेत कार्यक्रमपत्रिकेची सुरळी. त्यांनी ती सुरळी पाटीच्या मधल्या भागावर आडवी धरली. अलाँग विथ द ट्रस्टीज ऑफ धिस सोसायटी, सगळं झाकलं गेलं.

"हॅज," निरीक्षक म्हणाले. "उत्तम. गेल्या महिन्यात सात शाळांच्या पाट्या पाहिल्या. सहा ठिकाणी हॅव."

"सातव्या ठिकाणी?" सुलक्षणाबाईंनी विचारलं, काहीतरी विचारायला हवं म्हणून.

"तिथे क्रियापदच नव्हतं."

भाऊरावांनी पाटीकडे पाहिलं. या वेळी पूर्ण वाचली. लहूशेठनीही वाचली. मग सहा जणांनी मिळून टेंबे सरांकडे पाहिलं. सर खिडकीजवळ रसायनांच्या बाटल्यांमागे उभे होते आणि जमलं असतं तर एखाद्या बाटलीत शिरले असते.

चहानंतर निरीक्षकांनी शेरेबुकात लिहिलं: 'या शाळेत इंग्रजीकडे विशेष लक्ष दिले जाते, हे दारावरील पाटीवरूनच दिसते. अध्यक्षांचे अभिनंदन.' अनुदानाची फाईल निरीक्षकांच्याच टेबलावर होती. तेव्हा ही पाटी आता कुणालाही बुजवता येणार नव्हती. अनुदान बुजलं असतं.

संध्याकाळच्या बैठकीला सरांना आत बोलावलं नाही. ते जिन्यात उभे राहिले. आतून लहूशेठचा आवाज आला, "ठराव हॅवचा होता. मास्तरनं आपल्याला फसवलं." मग भाऊरावांचा: "अभिनंदन माझं लिहिलंय ना? आता हॅज मीच सांगितलं होतं."  सरांनी जिन्याच्या पायऱ्या मोजल्या. बावीस.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत धाकू एक कागद घेऊन आला. हातात शिक्का आणि गादी.

"काय आहे रे?" सरांनी विचारलं.

"तुमच्याबद्दलचंच पत्र आहे, सर. इंग्रजीत आहे ना. मग तुमच्याकडूनच तपासून न्यायला नको का? टायपिस्ट घेतच नाही शिक्क्याशिवाय."

संस्थेचा नियम कुणाचंच तोंड पाहत नव्हता. अक्षर भाऊरावांचं होतं. 'द प्रेसिडेंट, ॲज वेल ॲज द ट्रस्टीज, हॅव डिसायडेड टू कन्फर्म मिस्टर टेंबे, बट वॉर्न हिम नॉट टू डिसओबे अगेन.'

सरांनी ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा 'कन्फर्म' वाचलं आणि डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्यांदा 'वॉर्न' वाचलं आणि ते आटलं. तिसऱ्यांदा बोट आपोआप कागदावर गेलं. प्रेसिडेंट हॅव. या वेळी शेपूट 'ॲज वेल ॲज'ची होती. पण शेपूट ती शेपूट.

"मारू शिक्का?" धाकूने विचारलं.

समोर कायम होण्याचं पत्र होतं. एकोणचाळीस वर्षांचं वय, चार शाळा, दोन वर्षांना तीन दिवस कमी. शिक्का मारला की झालं. दुरुस्त केलं तर पत्र परत वर जाणार, आणि वर गेलेलं पत्र खाली येईलच असं कुठल्याही व्याकरणात लिहिलेलं नाही. आणि आज्ञा मोडू नकोस असं सांगणाऱ्या वाक्यातच आज्ञा मोडायची.

"सर, घंटा होईल," धाकू म्हणाला.

"थांब रे जरा." सरांनी लाल पेनाचं टोपण काढलं. मनगट टेबलावर टेकवलं. 'हॅव'चं 'हॅज' केलं. मग त्यांच्या लक्षात आलं की कर्ता एकवचनी, तर पुढचं 'वॉर्न'ही त्याचंच. तिथे त्यांनी 'वॉर्न्स' केलं. म्हणजे स्वतःला मिळालेली ताकीदसुद्धा शुद्ध करून दिली. 'दुरुस्तीनंतर पाठवावे' असं समासात लिहिलं, शिक्का मारला नाही, आणि कागद धाकूला परत दिला.

"आता काय हो?" धाकू म्हणाला.

"आता बोरीवली," सर म्हणाले.

ते संध्याकाळी घरी गेले. कुमुदने चेहरा पाहिला आणि भांडी जरा जोरात ठेवली. शनिवार गेला. एकोणतिसाव्या तारखेला रविवार आला, तोही गेला.

तिसाव्या तारखेला, म्हणजे दोन वर्षं भरण्याच्या दिवशी, शाळा सुटताना धाकू पुन्हा आला. कागद नवा होता. भाऊराव तीन दिवस वखारीत शब्दकोश उघडून बसले होते म्हणे, आणि राणीच्या एका जुन्या जाहीरनाम्यात त्यांना उपाय सापडला होता. कागदावर होतं: 'वुई हॅव डिसायडेड टू कन्फर्म मिस्टर टेंबे.' ताकीद गाळली होती. बहुधा पुन्हा शुद्ध होऊन येईल या भीतीने. खाली सही एकट्या भाऊरावांची.

सरांनी तर्जनी पुढे केली आणि झाकायला काही सापडेना. स्वल्पविराम नाही, शेपूट नाही, सोबतचं कुणी नाही. 'वुई हॅव.' कुठलंही व्याकरण काढा, बरोबर. भाऊरावांना वाटत होतं की 'वुई' म्हणजे आदरार्थी ते स्वतः. लहूशेठनी ते वाचून मान डोलावली होती, कारण 'वुई' म्हणजे ते पाच जण. कर्ता कोण हे कुणाला ठाऊक नव्हतं, पण क्रियापद त्याच्याशी अगदी जुळत होतं.

"आता काय चूक आहे?" धाकूने धास्तावून विचारलं.

"काही नाही," सर म्हणाले. त्यांना थोडी निराशाच वाटली. त्यांनी शिक्का गादीवर दाबला आणि कागदावर उमटवला. तपासले. मग खाली सही केली, टेंबे. सही पुन्हा सुंदर आली होती.